साहेब दिल्लीला गेलेत

विजयसिंह सरनोबत वकील कॅनडाला गेले हे कोल्हापुरात कुणाला ठाऊक नव्हतं, असं विचारा. कसबा बावड्यातल्या कोर्टाच्या कँटीनवाल्याला ठाऊक होतं. झेरॉक्सवाल्याला ठाऊक होतं. शिरस्तेदारापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण जायच्या आधी साहेबांनी कळंब्याच्या बाजूला हॉल घेऊन अख्ख्या बारला, म्हणजे झाडून सगळ्या वकिलांना, मटणाचं जेवण घातलं होतं. जे वकील त्यांच्याविरुद्ध केस लढवत होते, तेही पोटभर जेवले, शाल घालून फोटो काढून आले. विमानतळावरचा फोटो, मग बर्फातला फोटो, मग कुठल्याशा धबधब्यापुढं दात काढून उभे असलेले साहेब, सगळं स्टेटसला लागलं. एवढं सगळं झालं आणि ठाऊक कुणाला नव्हतं? ज्यांच्या केसी साहेबांच्या नावावर चालल्या होत्या त्यांना! पक्षकारांना तेवढं साहेबांनी स्टेटस दिसणार नाही अशी सोय करून ठेवली होती. तेवढी अक्कल बरोबर चालते माणसाची.

नुजहत मुल्लाणी या ऑफिसात ज्युनियर म्हणून लागली तेव्हा तिला वाटायचं, काय वकील आहे! आता वाटायचं, काय माणूस आहे. शब्द तोच होता जवळजवळ, पण बोलताना तोंड वाकडं व्हायचं.

जायच्या आधी तिनं त्यांना सरळ विचारलं होतं, "सर, पक्षकारांना कधी कळवायचं?"

"कळवूया की."

"कधी?"

"अगं, तू घाई फार करतीस. मी तिकडं सेट होतोय का न्हाई ते तर बघू दे. न्हाई जमलं तर परत यायचंच हाय. तोवर कशाला लोकांना घाबरवायचं?"

म्हणजे गडी तिकडं एक पाय टेकवून बघणार, आणि इकडं दुसरा पाय लोकांच्या छाताडावर तसाच ठेवणार. नुजहतला हे कळलं होतं. वकीलपत्र एकदा कोर्टात दाखल झालं की ते आपोआप सुटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. पक्षकाराला नोटीस द्यायची, कोर्टाची परवानगी घ्यायची, मगच मोकळं व्हायचं. किंवा पक्षकारानं दुसरा वकील द्यायचा आणि जुन्यानं त्याला ना हरकत लिहून द्यायची. हे काही मोठं शास्त्र नव्हतं. एक अर्ज आणि थोडी लाज, एवढंच लागत होतं. अर्ज लिहायला नुजहत तयार होती.

महिन्याभरानं तिकडून मजकूर आला. व्हॉट्सअ‍ॅपवर, काळ्या गाऊनमधल्या स्वतःच्या फोटोसकट. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, अ‍ॅड. विजयसिंह सरनोबत यांनी जागतिक स्तरावर पदार्पण केले असून, आपले काम पूर्वीप्रमाणेच त्यांच्या मार्गदर्शनाखाली अखंडपणे सुरू राहील.’ कुठं गेले, परत येणार का, कोर्टात उभं कोण राहणार, एक अक्षर नाही. खाली हुकूम होता: ‘हे सगळ्यांना पाठवू नको. कोण फारच विचारायला लागला तर पाठव.’

"आनंद होतो म्हणं," नुजहत एकटीच बोलली. "तुझ्या आनंदाला लागली आग."

पण पाठवलं नाही तिनं. ना ते, ना स्वतःचं काही. म्हटलं, आज करू, उद्या करू. आणि तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीत साहेबांचे वडील येऊन बसले.

उदयसिंह सरनोबत, सगळे आबासाहेब म्हणायचे. साखर कारखान्यातून शेती अधिकारी म्हणून रिटायर झालेला माणूस. कायद्याचा आणि त्यांचा संबंध एवढाच की पोरगा वकील. पण पोराची गादी रिकामी दिसू नये म्हणून शिवाजी पेठेतल्या ऑफिसात रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. टेबलावर पेन सरळ मांडायचे, फोन उचलायचे. आणि पक्षकार आला की घसा खाकरून म्हणायचे, "साहेब दिल्लीला गेलेत. सुप्रीम कोर्टाचं काम हाय."

लोकांना ते पटायचं, हीच तर मोठी गंमत. लोक हात जोडून जायचे. आपला वकील दिल्लीपर्यंत पोचला म्हणून गावात सांगायचे. आबासाहेब मग मिशीवरनं हात फिरवत नुजहतकडं बघायचे, कशी जिरवली म्हणून. आपण कुणाची जिरवतोय हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की पोरगा परत येईल तेव्हा दुकान चालू दिसलं पाहिजे.

नुजहतनं त्यांना एकदा समजावून बघितलं. "आबासाहेब, खोटं सांगून तारखा किती दिवस घ्यायच्या?"

"तुझ्या बा-आज्यानं कधी वकिली केलती का गं?"

"तुमच्या तरी बा-आज्यानं केलती का?"

"आमच्यात पोरानं केलीय. लई शिकवू नको."

विषय तिथं संपला. म्हणजे नुजहतनं संपवला. तीही कोर्टात उठून म्हणायचीच की, "सिनियर बाहेरगावी आहेत, तारीख मिळावी." वकीलपत्रांवर साहेबांनी ज्युनियरचं नाव कधी घातलं नव्हतं. पाटीवर एकच नाव पाहिजे, हा हट्ट. त्यामुळं स्वतः केस चालवायची म्हटली तर तिच्या हातात कागद नव्हता. तारीख मागणं तेवढं हातात होतं. ती मागत राहिली.

विठाबाई खोतांची केस अशीच लटकली होती. वारणानगरच्या बाजूची बाई, नवरा गेलेला, म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालणारी. बापाच्या जागेत वाटणी मागितली म्हणून सख्ख्या भावानं, आण्णानं, बोलणं टाकलेलं. जागा रस्त्याला लागून, आण्णाला ती विकायची घाई. दावा चालू आहे तोवर विकायची नाही असा मनाई हुकूम विठाबाईच्या बाजूनं होता, तेवढ्यावर सगळं अडलं होतं. विठाबाईची उलटतपासणी व्हायची होती. म्हणजे तिनं पिंजऱ्यात उभं राहायचं आणि आण्णाच्या वकिलानं तिला प्रश्न विचारायचे. दर तारखेला नुजहत मुदत मागायची. मागच्या तारखेला जज्जसाहेबांनी स्वच्छ लिहिलं, ही शेवटची संधी. पुढच्या वेळी वादी हजर नसेल तर दावा काढून टाकणार. दावा गेला की मनाई हुकूम गेला. आणि मनाई हुकूम गेला की आण्णा जागा विकून मोकळा. मग विठाबाईनं काय, म्हशी घेऊन रस्त्यावर बसायचं?

नुजहतनं तारीख फळ्यावर लाल खडूनं लिहिली आणि आबासाहेबांना बजावलं, "विठाबाईला बोलवा. काहीही झालं तरी यायला सांगा. त्या दिवशी मीच काहीतरी करते." काय करणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तारखेच्या सकाळी ती कोर्टात पोचली आणि बघते तर विठाबाईचा पत्ता नाही. आबासाहेबांना फोन लावला.

"मावशी कुठं आहेत?"

"कोण? ती वारणेची? तिला मीच नको म्हणून सांगितलं."

"काय?"

"आगं, ती म्हणाली साहेब असल्याबिगर मी पिंजऱ्यात उभी ऱ्हाणार न्हाय. म्हटलं, साहेब दिल्लीला हाईत, येऊ नको, तारीख घेतील. तू घे की तारीख. रोज घेतीसच की."

नुजहतला त्या फोनमधून हात घालून म्हाताऱ्याची इस्त्री मोडावीशी वाटली. रोज घेतीसच की! या माणसाला कोर्ट म्हणजे ऊसतोडीची पाळी वाटत होती. आज नाही तर उद्या.

पुकारा झाला. विठाबाई खोत हाजिर है, म्हणून पट्टेवाला दोनदा ओरडला. समोरून आण्णाचे वकील, गणपतराव, पोट सावरत उठले. आण्णा मागच्या बाकावर नवा शर्ट घालून बसला होता, खरेदीखताला निघाल्यासारखा.

"मॅडम, वादी कुठं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

नुजहत उठली. तोंडात तेच वाक्य तयार होतं, पाठ झालेलं. "सिनियर बाहेरगावी..."

"बाहेरगावी?" गणपतराव हसले. "साहेब, सरनोबत वकील कॅनडाला गेलेत. कायमचे. मी स्वतः त्यांच्या निरोपाच्या जेवणाला होतो." आणि हा भला माणूस खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवायला लागला. त्या जेवणाचाच फोटो, दोघं वकील मांडीला मांडी लावून, मध्ये रश्श्याची वाटी.

कोर्टात खसखस पिकली. हसणारे सगळे त्या पंगतीत बसलेले होते. एकालाही इतके दिवस तोंड उघडावंसं वाटलं नव्हतं. आज गणपतरावांना वाटलं ते विठाबाईची कणव आली म्हणून नव्हे, दावा निघावा म्हणून.

"खरं आहे का हे?" जज्जसाहेबांचा आवाज चढला.

नुजहतनं क्षणभर त्या हसणाऱ्या तोंडांकडं बघितलं. तिला सगळ्यांची किळस आली. साहेबांची, आबासाहेबांची, गणपतरावांची. आणि त्या किळसेतच ती खरं बोलून गेली.

"खरं आहे, साहेब. ते परत येणार आहेत की नाही मला माहीत नाही. पक्षकाराला कळवलेलं नाही. वादी गैरहजर आहे, कारण आमच्या ऑफिसातनं तिला येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. चूक ऑफिसची आहे, तिची नाही. तिला आज बोलवते. दुसरा वकील देण्याची संधी तिला मिळावी."

जज्जसाहेबांनी मागच्या तारखेचा हुकूम पुन्हा वाचला. मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर पुकारा. वादी स्वतः हजर पाहिजे आणि तिची वकिलाची व्यवस्था झालेली पाहिजे. नाहीतर मी दावा काढणार. आणि मॅडम, हे तुम्ही तीन तारखांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो साहेब."

बाहेर व्हरांड्यात येऊन नुजहतनं विठाबाईला फोन लावला. मागं म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"मावशी, मी नुजहत. असाल तशा निघा. दुपारी कोर्टात पाहिजे."

"आगं, आबासाहेब तर नको म्हणालं! साहेब आलं काय दिल्लीसनं?"

आता सांगायचं होतं. एकच वाक्य होतं. आत भरल्या कोर्टात ती ते बोलून आली होती.

"तुम्ही या तर आधी. आल्यावर सांगते."

फोन ठेवला आणि स्वतःची समजूत घातली, की फोनवर ऐकून बाई घाबरायची, रस्त्यात काही व्हायचं. सांगू समोरासमोर. नीट, बसवून, चहा देऊन. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत बसून वाट बघता बघता तिनं मनाशी सगळं ठरवूनही टाकलं. मावशी रडतील, आपण धीर देऊ. नवं वकीलपत्र तयारच ठेवलं, स्वतःच्या नावाचं. केस तिला तोंडपाठ होती. अख्खा दाव्याचा मसुदा तिनंच लिहिला होता, सही तेवढी साहेबांची. चला, निदान एक तरी पक्षकार या घाणीतनं आपण वर काढू. मनात कुठंतरी बरंही वाटत होतं तिला, खोटं कशाला बोला.

विठाबाई आली ती घामानं निथळत. एकटी नव्हती. बरोबर वर्षाराणी शेळके होती, त्यांच्याच गावची पोरगी, याच कोर्टात वकिली करणारी. नुजहत खुर्ची पुढं करायला लागली.

"मावशी, बसा आधी. तुम्हाला एक सांगायचंय..."

"कॅनडा व्हय?" विठाबाई बसली नाही. "मला कळलंय. एस्टीत बसल्या बसल्या हिला फोन लावला. म्हटलं, कोर्टात काय झालंय बघ बाई, ती मॅडम तोंड उघडंना. हिनं सांगितलं."

वर्षाराणीनं मान खाली घातली. "मीही जेवायला होतेच," ती पुटपुटली. "आधी सांगायला पाहिजे होतं."

"तू गप. तू विचारल्यावर सांगितलंस तरी." विठाबाई नुजहतकडं वळली. "आज सकाळी तू जज्जाला सांगितलंस म्हणं, वकील पळाला म्हणून?"

"हो मावशी. खरं तेच सांगितलं."

"मग लगेच मला फोन केलास. खरं का न्हाय?"

"हो."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

नुजहतनं पुढं केलेली खुर्ची परत मागं सारली.

"जज्जाला सांगितलंस, आण्णाच्या वकिलाला तर आधीपास्नं ठावं हुतं, मागं बसलेल्या आण्णाला कळलं. माझ्या दाव्याचं माझ्या वैऱ्याला आधी कळलं, आन मला? ‘आल्यावर सांगते.’ का गं? मी म्हसरंवाली म्हणून? मला झेपलं नसतं व्हय?"

"मावशी, मला वाटलं..."

"तुला काय बी वाटू दे. मला जागेचं वाटतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझी फाइल दे. हिच्याकडं देणार हाय मी."

टेबलावरचं तयार वकीलपत्र नुजहतनं हळूच पालथं घातलं. वर्षाराणी म्हणाली, "जुन्या वकिलांची ना हरकत लागेल. साहेबांना फोन लावतेस?"

तिकडं पहाट असणार. नुजहतनं व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ वाजल्यावर साहेब दिसले, केस विस्कटलेले, अंगात जाडजूड स्वेटर. ना हरकत म्हटल्यावर झोप उडाली.

"छे छे! काहीतरीच काय! मी केस सोडलेली नाही. माझ्या मार्गदर्शनाखाली..."

विठाबाईनं फोन ओढून घेतला. "साहेब, ओळखलं का?"

"अरे, मावशी! बऱ्या आहात ना? काळजी करू नका, मी आहेच की."

"हाईस न्हवं? मग ये की. जज्ज बसल्यात वर. पुकारा होतोय बघ माझा. ये लवकर."

साहेब विस्कटलेले केस सारखे करायला लागले.

"येत न्हाईस? मग गुमान लिहून दे. न्हाय दिलंस तरी ही म्हणती, मी सोता जज्जाला अर्ज दीन, वकील बदलायचाय म्हणून. तुझ्याबिगर बी हुतंय. पर तुझ्या बाच्या तोंडावर तुझा कागद फेकायचाय मला."

ना हरकत पाच मिनिटांत मेलवर आली, सही-शिक्क्यासकट. एवढं झटपट काम साहेबांनी कोल्हापुरात असताना कधी केलं नव्हतं.

दुपारच्या पुकाऱ्याला विठाबाई ताठ उभी राहिली. वर्षाराणीनं वकीलपत्र दाखल केलं. फाइल आजच हातात आली म्हणून थोडी मुदत मागितली. गणपतरावांनी हरकत घेऊन बघितली. जज्जसाहेबांनी मुदतीबद्दल खर्च भरायला लावून जवळची तारीख दिली, दावा राहिला, मनाई हुकूम राहिला. आण्णा नवा शर्ट चुरगळत निघून गेला.

नुजहत व्हरांड्यात वर्षाराणीला फाइल दाखवत राहिली. कुठला उतारा कुठं, कुठला साक्षीदार डळमळीत, आण्णा कुठल्या प्रश्नाला अडकेल, सगळं. विठाबाई बाजूला उभी राहून ऐकत होती. शेवटी नुजहतला राहवलं नाही.

"मावशी, ही केस मीच लिहिलीय. मी नीट चालवली असती."

"चालवली असतीस की," विठाबाई म्हणाली. "हुशार हाईस तू. पर मी पिंजऱ्यात असताना मागं काय चाललंय ते मला सांगणारं माणूस पायजे. तुझा सायेब पळाला ते कळलं मला. तू हितंच हुतीस की गं."

आणि गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं.

नुजहत ऑफिसात आली तेव्हा आबासाहेब खुर्चीत बसून पेन सरळ करत होते. "मिळाली का तारीख?"

"उठा, आबासाहेब."

"आं?"

"उठा म्हणते. फोन पाहिजे मला, आणि फोन तिथं आहे."

तिच्या तोंडाकडं बघून म्हातारा उठला. काहीतरी बडबडत दारापर्यंत गेला, मग तिथंच उभा राहिला.

तिनं आधी मजकूर लिहिला. ‘वकील विजयसिंह सरनोबत कॅनडाला राहायला गेले आहेत. यापुढं तुमच्या केसमध्ये ते कोर्टात उभे राहणार नाहीत. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. तुमची फाइल ऑफिसात आहे, ती तुमची आहे, कधीही घेऊन जा. दुसरा वकील देणार असाल तर ना हरकत मी मागवून देते. मला द्यायची असेल तर नवीन वकीलपत्रावर सही लागेल. तसं बंधन नाही. तुमची पुढची तारीख खाली लिहिली आहे. त्या दिवशी स्वतः हजर राहा.’

मग तो नुसता पाठवायचा नाही असं तिनं ठरवलं. आधी प्रत्येकाला बोलायचं, मग पाठवायचा. फाइलींची चळत पुढं ओढली आणि पहिला नंबर लावला. गडहिंग्लजचा एक ट्रॅक्टरवाला होता, तापट.

"बोला की मॅडम. साहेब आलं का दिल्लीसनं?"

"साहेब दिल्लीला कधीच गेले नव्हते, पावणं. ते कॅनडाला गेलेत. मी तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडं ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. मग त्यानं सुरू केलं. साहेबांच्या आईपासून आरंभ करून तो नुजहतवर आला आणि तिथंच मुक्काम ठोकून बसला. दारातले आबासाहेब कानांवर हात ठेवून बाहेर गेले. नुजहतनं फोन कानाला लावून ठेवला, मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं सगळं बोलून झाल्यावर त्याला तारीख सांगितली, लिहून घ्यायला लावली, आणि पुढची फाइल उघडली.